मोबाईलवरून रोजची भांडणं: नोकरदार पालकांनी कोणती पुस्तकं वाचावीत आणि घरात कशी उतरवावीत

मुलांच्या मोबाईलविषयीची बरीचशी पुस्तकं मोबाईल किती वाईट हे पटवून देण्यातच संपतात. जळगाव-भुसावळकडच्या नोकरदार आईबापांना ते पटवून द्यायची गरज नाही. त्यांची अडचण वेगळी आहे. संध्याकाळी साडेसहाला दमून घरी यायचं, आल्याआल्या पोराच्या हातातून मोबाईल काढायचा, मग त्याची रडारड, आपला चढलेला आवाज, सासूबाईंचं "लेकराला कशाला रडवते गं" आणि जेवणं होईपर्यंत सगळ्यांची फुगलेली तोंडं. हे भांडण कमी कसं करायचं, याचं उत्तर देणारी पुस्तकं थोडी आहेत. मी आमच्या शाळेत पहिली ते चौथीच्या पालकांसाठी पुस्तकांचं एक छोटं कपाट सांभाळते. त्यातली जी तीन पुस्तकं पालक खरोखर वापरताना दिसतात, त्यांच्यापुरतंच इथे लिहिते आहे. तीनही अमेरिकेत लिहिलेली आहेत, त्यामुळे आपल्या घरात आणताना काय बदलावं लागतं, तेही सांगते.

कोणतं पुस्तक कशासाठी

पहिलं ॲन्या कामेनेट्झ यांचं 'द आर्ट ऑफ स्क्रीन टाइम'. 2018 साली आलेलं. लेखिका शिक्षणविषयक पत्रकार आणि स्वतः आई आहे. पुस्तकाचं सार तिने तीन छोट्या वाक्यांत सांगितलंय: स्क्रीनचा आनंद घ्या, फार नको, आणि शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने. हे पुस्तक आधी वाचावं, कारण ते अपराधीपणा उतरवतं. नोकरी करणाऱ्या आईच्या डोक्यात 'मी घरी नसते म्हणून हे होतंय' हे सतत घोळत असतं, आणि त्या भरात ती एके दिवशी मोबाईल कपाटात कोंडते, दुसऱ्या दिवशी कीव येऊन दोन तास देऊन टाकते. मुलाला या चढउतारातून एकच गोष्ट कळते, की जोर लावला तर मिळतं. वेळेची वरची मर्यादा हवीच असेल तर आपल्या इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 5 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपेक्षा कमी असं सुचवलं आहे. त्या मर्यादेत झोप, अभ्यास, जेवण आणि खेळ यांचा वेळ खाल्ला जाऊ नये, हेही त्यांनी म्हटलंय. आकडा एवढाच पुरे. पुढचं सगळं काम आकड्याने होत नाही.

दुसरं ॲडेल फेबर आणि इलेन मझ्लिश यांचं 'हाऊ टू टॉक सो किड्स विल लिसन अँड लिसन सो किड्स विल टॉक'. 1980 सालचं, म्हणजे त्यात मोबाईलचा उल्लेख असण्याचं कारणच नाही, आणि तरीही मोबाईलच्या भांडणावर मला ते सगळ्यात उपयोगी वाटतं. इंग्रजी सोपं आहे, बरीच पानं चित्रकथेसारखी आहेत, एकेक प्रसंग चुकीच्या आणि बऱ्या पद्धतीने शेजारीशेजारी दाखवलेला आहे. इंग्रजी वाचायची सवय नसलेले पालकही चित्रांच्या आधाराने बरंच पुढे जातात. मूल पहिली-दुसरीत असेल तर याच घराण्यातलं पुढचं पुस्तक घ्यावं. फेबर यांची मुलगी जोआना फेबर आणि ज्यूली किंग यांनी लिहिलेलं 'हाऊ टू टॉक सो लिटल किड्स विल लिसन' दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे.

तिसरं रॉस ग्रीन या बालमानसशास्त्रज्ञांचं 'रेझिंग ह्यूमन बीइंग्ज', 2016 सालचं. त्यांचं आधीचं 'द एक्सप्लोसिव्ह चाइल्ड' जास्त प्रसिद्ध आहे, पण ते वारंवार टोकाचा संताप करणाऱ्या मुलांसाठी लिहिलेलं आहे. साधारण घरातल्या साधारण कटकटीसाठी नंतरचं पुस्तक बरं. ग्रीन तीन मार्ग सांगतात. पहिल्यात मोठं माणूस निर्णय लादतं. तिसऱ्यात तो विषय सध्यापुरता मुद्दाम बाजूला ठेवला जातो. दुसऱ्यात, ज्याला ते प्लॅन बी म्हणतात, मूल आणि मोठे मिळून तोडगा काढतात. खाली जी पद्धत देते आहे, ती या दुसऱ्या मार्गाची.

जोनाथन हाइट यांच्या 2024 सालच्या 'द अँक्शस जनरेशन'बद्दल पालक सारखे विचारतात. ते वाचावं, पण मूल सहावी-सातवीत गेल्यावर. त्याचा मुख्य विषय किशोरवय आणि सोशल मीडिया हा आहे, आणि त्यातल्या निष्कर्षांवर संशोधकांमध्ये वादही आहे. तिसरीतल्या पोराच्या गेमवरून होणाऱ्या भांडणाला त्यातून थेट उत्तर मिळत नाही.

वाचायला वेळ कुठून

तिन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा हट्ट धरू नका. कामेनेट्झ रविवारी एका बैठकीत चाळून होतं. त्यातला संशोधनाचा भाग सोडून कुटुंबांनी नियम कसे लावले तो भाग वाचा. फेबर-मझ्लिश यांची दोन प्रकरणं पुरतात: मुलाच्या भावनांना शब्द देण्याचं पहिलं प्रकरण आणि शिक्षेऐवजी काय करायचं ते. ग्रीन यांच्या पुस्तकात प्लॅन बीच्या तीन पायऱ्या जिथे संवादांसकट उलगडल्या आहेत, तो भाग दोनदा वाचावा. नवराबायकोपैकी जो इंग्रजी वाचू शकतो त्याने वाचून दुसऱ्याला सांगावं. सांगताना उदाहरणं आपल्या घरातली घ्यावीत, म्हणजे अर्धी चर्चा तिथेच होऊन जाते.

पुस्तकं वाचायच्या आधी मात्र एक आठवडा फक्त टिपून ठेवा. भांडण किती वाजता झालं, मूल त्या वेळी मोबाईलवर नेमकं काय करत होतं, मोबाईल कुणाचा होता आणि थांबायला कुणी सांगितलं. चार रकाने, वहीचं एक पान. यात काहीही सुधारायला जाऊ नका. बहुतेक घरांत आठवड्याअखेर दिसतं की भांडण दिवसभर पसरलेलं नसतं, एक-दोन ठरावीक वेळांनाच होतं, आणि जवळजवळ नेहमी मोबाईल सुरू करताना नव्हे, बंद करताना होतं.

बंद करण्याबद्दल एक गोष्ट पालकांना नवी वाटते. 'दोन मिनिटं राहिली हं' असं आधी सांगितलं की मूल सहज थांबेल असं आपल्याला वाटतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी हे पाहिलं, तेव्हा अशी सूचना दिल्यावर मुलं उलट जास्त चिडत होती. व्हिडिओ आपोआप संपला किंवा रोजच्या ठरलेल्या क्रमात थांबायची वेळ आली, तर कमी चिडत होती. आपली मुलं या वयापेक्षा मोठी आहेत, म्हणून हे जसंच्या तसं लावू नये. पण त्यातून करून बघण्यासारखं एक काम निघतं: घड्याळाऐवजी शेवट मोजायचा. 'अर्धा तास' नव्हे, 'दोन भाग' किंवा 'एक मॅच'. आणि यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करायचा, कारण तो सुरू असला की शेवट कधी येतच नाही.

भुसावळच्या एका घराचं उदाहरण

वडील रेल्वेत, ड्यूटी फिरती. आई एका कार्यालयात, साडेसहाला घरी. मुलगा तिसरीत, सकाळची शाळा. दुपारपासून आजी आणि आजोबा म्हणजे अण्णा यांच्याजवळ, आणि मोबाईल अण्णांचा. टिपणात आलं की रोज आई आल्यावर, गेम सुरू असताना भांडण होतं.

पहिलं काम प्रश्न एका वाक्यात लिहिण्याचं. आईने आधी लिहिलं होतं, 'मोबाईलचं व्यसन लागलंय आणि सांगितलेलं ऐकत नाही.' ग्रीन यांच्या पद्धतीत हे चालत नाही, कारण त्यात आरोप आहे आणि कारणही आपणच ठरवून टाकलंय. नवीन वाक्य असं झालं: 'संध्याकाळी आई घरी आल्यावर गेम थांबवणं जड जातं.' मुलाला हे वाक्य वाचून दाखवलं तर त्याला राग यायला नको, हीच त्याची परीक्षा. दुपारचा मोबाईल, जेवताना टीव्ही, रविवार हे सगळं त्या वाक्यात कोंबायचं नाही. एका वेळी एकच.

दुसरं काम बोलण्याची वेळ निवडण्याचं. भांडण पेटलेलं असताना ही पद्धत हमखास फसते. या घरात रविवारी सकाळी, वडील घरी असताना, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन झाल्यावर बसले. मोबाईल समोर नव्हता. आईने सुरुवात केली, "मला दिसतंय की मी आले की गेम थांबवणं तुला जड जातं. काय होतं तेव्हा?" आणि ती गप्प बसली. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. मुलगा आधी "काही नाही" म्हणाला. तिने "बरं" म्हणून वाट पाहिली. मग तो म्हणाला, "मॅच अर्धी असते."

"अर्धी म्हणजे कशी?"

"सुरतचा दादा पण खेळत असतो ना. मी निघालो की तो हरतो. मग तो म्हणतो तुला घेणारच नाही."

सुरतला गेलेल्या काकांचा मुलगा. त्याची शिकवणी सुटते सहाला, म्हणून दोघांची वेळ जमते तीच. घरात कुणाला हे माहीत नव्हतं. आईने आणखी विचारलं, "अजून काही?" तेव्हा थोड्या वेळाने आलं, "तू येते आणि लगेच किचनमध्ये जाते. मग मी काय करू?"

ही पहिली पायरी. मुलाचं म्हणणं पूर्ण ऐकून घेईपर्यंत तोडगा सुचवायचा नाही, 'पण' म्हणायचं नाही, सुरतच्या दादाला फोन करू का असंही विचारायचं नाही. विचारायचं फक्त कधी, कुठे, कुणासोबत आणि 'म्हणजे कसं'. 'का' टाळावा, त्याने मूल कोर्टात उभं राहिल्यासारखं बोलायला लागतं.

दुसरी पायरी आपली अडचण सांगण्याची, दोन वाक्यांत. आई म्हणाली, "माझी काळजी ही आहे की गेम सातपर्यंत चालला तर अभ्यास जेवणानंतर होतो, मग तू दहाला झोपतो आणि सकाळी शाळेसाठी उठताना रडतो." यात भाषण नाही, डोळे खराब होतील नाही, शेजारच्या मुलाचं उदाहरण नाही. मुलाला स्वतःला जे रोज भोगावं लागतं तेच सांगितलं.

तिसरी पायरी: "तुझी मॅच अर्धी राहू नये आणि अभ्यासही जेवणाआधी व्हावा, असं काही सुचतंय का? आधी तू सांग." वडिलांनी जे येईल ते वहीत लिहिलं. आईने नोकरी सोडावी, दादाची शिकवणी बंद करावी, अभ्यास रद्द करावा, हे सगळं. लिहिताना नाक मुरडायचं नाही, ही सूचना फेबर-मझ्लिश यांची. मग एकेक वाचून, कुणालाही न चालणारं खोडलं. उरलं ते असं: शेवटची मॅच सव्वासहाच्या आत सुरू करायची, कारण एक मॅच साधारण दहा-पंधरा मिनिटांत संपते. सव्वासहानंतर नवी मॅच सुरू करायची नाही आणि हे दादाला मुलानेच सांगायचं. आई आली की आधी चहा घेत त्याच्याजवळ बसेल, मग स्वयंपाक, आणि तो ओट्याजवळच्या टेबलावर अभ्यास करेल.

हे कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. खाली मुलाची सही, आईवडिलांची सही, आणि अण्णांचीही.

अण्णांची सही कशी मिळाली

या तीन पुस्तकांत दुपारभर मुलं सांभाळणारे आजीआजोबा जवळजवळ नाहीत. खान्देशात नोकरदार घरांचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा असतो. सुनेने सासऱ्यांना 'मोबाईल देऊ नका' म्हणणं आपल्याकडे शोभत नाही आणि चालतही नाही. म्हणून हे बोलणं नवऱ्याने आपल्या वडिलांशी करावं, आणि तीच पद्धत वापरावी. आधी विचारायचं, "अण्णा, दुपारी त्याला सांभाळताना तुम्हाला सगळ्यात जड काय जातं?" या घरात उत्तर आलं, "जेवणानंतर डोळा लागतो. आजीचे गुडघे. आणि पोरगं म्हणतं, इतलंच दखू दे. कितीदा नाही म्हणू?" म्हणजे मोबाईल लाडाने दिला जात नव्हता, दुपारच्या तासाभराच्या झोपेसाठी दिला जात होता.

अडचण कळली की मार्ग निघतो. त्या तासाला मोबाईलऐवजी टीव्ही, बैठकीत, अण्णा पलंगावर आडवे असताना. मोठ्या पडद्यावर काय चाललंय ते डोळे मिटूनही कानावर पडतं, आणि ठरलेला कार्यक्रम संपला की संपतो. कामेनेट्झ यांचं 'कुणाच्या तरी सोबतीने' इतक्या साध्या रीतीने घरात बसवता येतं. मोबाईल मग फक्त साडेपाच ते साडेसहा. अण्णांच्या हातात नकाराचं काम ठेवलं नाही, कागदाकडे बोट दाखवायचं एवढंच ठेवलं.

कुठे फसतं आणि कसं ओळखायचं

पहिला आठवडा सहसा छान जातो, त्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या आठवड्यात वडिलांची रात्रपाळी येते, आई उशिरा पोचते, कागद तसाच लटकत राहतो. या घरातही आईची वेळ चुकली, ती सातला यायला लागली, आणि मधल्या अर्ध्या तासात पुन्हा मॅच सुरू झाली. म्हणजे ठरलेल्या गोष्टीतला एक भाग आईच्या येण्यावर टांगलेला होता. दुसऱ्या रविवारी तेवढंच बदललं: आई येवो न येवो, सव्वासहाची मॅच शेवटची, आणि मोबाईल टीव्हीखालच्या खणात. तोडगा मोडला तर मूल बेइमान ठरत नाही, तोडगा कच्चा होता एवढंच ठरतं. ग्रीन यांनी स्वतः लिहिलंय की पहिला तोडगा टिकेलच असं नाही, पुन्हा बसावं लागतं.

पद्धत चालते आहे की नाही हे स्क्रीनच्या मिनिटांवरून मोजू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या संध्याकाळी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही, तिथे टिंब करा. मिनिटं तीच राहून टिंबं वाढत असतील तर योग्य चाललंय. तीन आठवड्यांत टिंबं वाढलीच नाहीत, तर पहिली पायरी अपुरी राहिली आहे असं धरा. मुलाच्या मनातलं खरं कारण अजून बाहेर आलेलं नाही.

बंद करायच्या क्षणी बोलायचं किती, हेही फेबर-मझ्लिश यांच्याकडून घ्या: एक शब्द. "सव्वासहा." बस्. मूल कुरकुरलं तर "अजून खेळावंसं वाटतंय ना, दादा पण आहे" एवढं म्हणून तिथेच उभं राहायचं. त्याची कुरकुर थांबवायची जबाबदारी आपली नाही, मोबाईल खणात जाईपर्यंत शांत राहायची आहे.

फॅमिली लिंकसारख्या, मुलाचा मोबाईलचा वेळ ठरवणाऱ्या ॲपची कुलपं लावायची तर कागदावर सह्या झाल्यानंतर, मुलाला दाखवून. न सांगता लावलेलं कुलूप आणि हातातून हिसकावलेला मोबाईल यांत मुलाला फरक वाटत नाही.

काही बाबतींत मात्र चर्चा करायचीच नाही. पैसे लागणारे गेम, अनोळखी माणसांशी गप्पा, न दाखवण्यासारखे व्हिडिओ, रात्री अंथरुणात मोबाईल. इथे मोठ्यांनी थेट निर्णय घ्यावा आणि त्याच दिवशी अमलात आणावा. मूल मोबाईलसाठी अंगावर धावून येत असेल, झोप किंवा शाळा सुटत चालली असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

मे महिन्याचा वेगळा कागद

मुलांना बाहेर खेळायला पाठवा, असं ही पुस्तकं सहज लिहून जातात. जळगावात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर असतो, दुपारी अकरा ते पाच दार उघडायची सोय नसते. शाळेच्या दिवसांचा कागद सुट्टीत ओढत नेला तर महिन्याभरात फाटतो. म्हणून एप्रिलअखेर नव्याने बसा. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेसहानंतर मैदान, दुपारी एक सिनेमा किंवा दोन भाग घरातल्या कुणासोबत, आणि मधल्या वेळात मुलानेच लिहिलेल्या दहा कामांची यादी: पत्ते, कॅरम, कुरडया-पापडांच्या वेळी आजीला मदत, चित्रं. यादी मुलानेच करावी. आपण केलेली यादी त्याला गृहपाठ वाटते. सुट्टीत दोन तासांची मर्यादा एखाद्या दिवशी ओलांडली गेली तर जाऊ द्या. झोपेची वेळ मात्र हलू देऊ नका. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, जुना कागद काढून पुन्हा वाचावा, कारण मूल आता एक इयत्ता पुढे गेलेलं असतं आणि सुरतच्या दादाच्या शिकवणीची वेळही बदललेली असू शकते.

पुस्तकं विकत घ्यायची नसतील तर जळगावच्या व. वा. वाचनालयात किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयात चौकशी करा, नसल्यास मागणी नोंदवा. दोन-चार घरांनी मिळून एकेक पुस्तक घेऊन फिरवलं तरी भागतं. आधी फेबर-मझ्लिश घ्या.